चौथ्या दिवशी सिगारेट पुन्हा का पेटते

प्रश्न: माझे वडील ५४ वर्षांचे आहेत. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करतात आणि रोज पंधरा-वीस सिगारेटी ओढतात. फुंकून करायच्या तपासणीत फुप्फुसाची ताकद कमी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. दोनदा मेडिकलमधून निकोटीनचे च्युइंगम आणून सिगारेट सोडली, पण दोन्ही वेळा चौथ्या दिवशी पुन्हा सुरू. समुपदेशन, पॅच, गोळ्या यांनी खरेच फरक पडतो का? आणि सोडल्यावर फुप्फुसे पहिल्यासारखी होतात का?

उत्तर:

मी कोल्हापुरात छातीच्या विकारांवर उपचार करतो आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या भागांतील कामगार माझ्याकडे नेहमी येतात. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या तपशिलांत मला सर्वांत उपयोगी वाटला तो ‘चौथा दिवस’. शेवटची सिगारेट विझल्यानंतर काही तासांतच निकोटीनची ओढ जाणवू लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळसाला पोहोचते आणि पुढे दोन ते चार आठवड्यांत हळूहळू उतरते. म्हणजे तुमच्या वडिलांनी सर्वांत अवघड चढ दोनदा जवळजवळ पार केला आणि अगदी माथ्यावरून ते परत फिरले. अशा वेळी मी आधी मनोबलाची नव्हे, औषधाच्या मात्रेची चौकशी करतो.

हे नीट समजावे म्हणून एका रुग्णाची हकीकत सविस्तर सांगतो. त्यांना तात्या म्हणू; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ५२, फाउंड्रीत साचे भरण्याचे काम, दिवसाला १८ सिगारेटी, आणि त्यातली पहिली जाग आल्यापासून दहा मिनिटांच्या आत, चहाच्याही आधी. दिवसाच्या एकूण सिगारेटींइतकाच हा दहा मिनिटांचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण रात्रभर निकोटीन न मिळालेला मेंदू सकाळी किती वेळ धीर धरू शकतो हे त्यावरून कळते. अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर व्यसन तीव्र आहे असे धरून औषधाची मात्रा ठरवावी लागते.

तात्यांनीही तुमच्या वडिलांप्रमाणेच आधी स्वतःच २ मिलिग्रॅमचे च्युइंगम आणले होते आणि ‘फारच तलफ आली तर’ या हिशेबाने दिवसाला चार-पाच खाल्ले होते. आता याचे गणित पाहा. एका सिगारेटीतून शरीरात साधारण एक मिलिग्रॅम किंवा थोडे अधिक निकोटीन जाते. म्हणजे त्यांची रोजची सवय किमान १८ मिलिग्रॅमची. २ मिलिग्रॅमच्या च्युइंगममधून नीट चघळले तरी त्यातले निम्मे, म्हणजे जेमतेम एक मिलिग्रॅम रक्तात उतरते. अठराची सवय असलेल्या शरीराला चार-पाचावर ठेवले तर तिसऱ्या दिवशी ते बंड करणारच. शिवाय हे निकोटीन सिगारेटीसारखे काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचत नाही, त्याला वीस-तीस मिनिटे लागतात. त्यामुळे तलफ आल्यावर च्युइंगम तोंडात टाकणे म्हणजे घराने पेट घेतल्यावर विहीर खणणे होय. सुरुवातीच्या सहा आठवड्यांत ते घड्याळ लावून, दर एक-दोन तासांनी घ्यायचे असते, आणि उठल्याबरोबर सिगारेट लागणाऱ्या माणसाला ४ मिलिग्रॅमचे लागते.

यात एक चूक माझीही झाली. पहिल्या भेटीत मी त्यांना मात्रा वाढवून दिली, चघळण्याची पद्धत सांगितली, आणि चहाचे विचारायचे राहून गेले. दहा दिवसांनी ते आले तेव्हा तक्रार तीच होती: च्युइंगम चालू आहे, पण तलफ जात नाही, वर उचक्या लागतात आणि छातीत जळजळते. विचारपूस केली तेव्हा कळले की प्रत्येक च्युइंगम ते चहाच्या कपाबरोबर खात होते, कारण सिगारेटही चहाबरोबरच असायची. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाण्यासाठी तोंडात किंचित अल्कधर्मी स्थिती लागते. चहा, कॉफी, सरबत किंवा थंड पेयाने लाळ आम्लधर्मी झाली की ते शोषले न जाता लाळेबरोबर पोटात उतरते. पोटातून ते यकृतात जाऊन बहुतांश नष्ट होते आणि मागे उरते ती फक्त जळजळ व उचकी. म्हणून च्युइंगमच्या आधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असेपर्यंत पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही. चघळणेही साध्या च्युइंगमसारखे सलग नसते. जिभेला झणझणीत चव किंवा मुंग्या जाणवेपर्यंत सावकाश चावायचे, मग ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचे, चव ओसरली की पुन्हा चार-दोनदा चावून जागा बदलायची, असे सुमारे अर्धा तास. कोल्हापुरात माणसाला चहा सोडायला सांगणारा डॉक्टर फार दिवस टिकणार नाही, म्हणून मी ‘आधी चहा, मग पंधरा मिनिटे थांबून च्युइंगम’ एवढाच क्रम लावून देतो.

च्युइंगमच्या जोडीला पॅच दिला तर परिणाम एकट्या च्युइंगमपेक्षा चांगला होतो, कारण पॅच दिवसभर एकसारखे निकोटीन पुरवून पाया भरतो आणि च्युइंगम मधल्या उसळ्यांसाठी उरते. दिवसाला दहाहून अधिक सिगारेटी ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, नंतर १४ चा दोन आठवडे आणि ७ चा दोन आठवडे, हा सर्वसाधारण क्रम आहे. तो रोज सकाळी नव्या, केस नसलेल्या, कोरड्या जागी लावायचा असतो. तात्यांच्या बाबतीत अडचण निराळीच आली. भट्टीसमोर उभे राहून त्यांना इतका घाम येई की दुपारच्या जेवणापर्यंत पॅच सुटून बनियनला चिकटलेला सापडे. दंडावरून पाठीवर, पाठीवरून कमरेच्या वर अशा जागा बदलून पाहिल्या, पण दुसऱ्या पाळीत त्यांनी पुन्हा एक सिगारेट ओढलीच. तुमचे वडीलही फाउंड्रीत असल्याने हा मुद्दा मुद्दाम सांगतो. पॅच सुटतो की टिकतो हे पहिल्याच आठवड्यात पाहावे, आणि सुटत असेल तर त्यावर महिना घालवू नये.

तेव्हा आम्ही व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्यांकडे वळलो. मेंदूत निकोटीन ज्या जागी जाऊन बसते तिथे ही गोळी स्वतः बसते, थोडीशी उत्तेजना देते, त्यामुळे ओढ सौम्य होते. आणि जागा आधीच अडवलेली असल्याने कोणी सिगारेट ओढलीच तर तिची नेहमीची मजा येत नाही. तात्या म्हणाले, “डॉक्टर, सिगारेट ओढतोय का भुस्सा जाळतोय तेच कळंना.” हिचा क्रम असा: पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, आणि आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. सिगारेट सोडण्याची तारीख गोळी सुरू केल्यापासून आठव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान ठेवतात, म्हणजे पहिला आठवडा गोळी आणि सिगारेट दोन्ही चालू राहतात. हे आधी सांगितले नाही तर दुसऱ्या दिवशीच ‘गोळीचा काही उपयोग नाही’ असे म्हणून लोक ती बंद करतात.

या गोळीने मळमळ होते, आणि तात्यांना ती फार झाली, कारण पहिल्या पाळीला जाताना ते सकाळी सहाला रिकाम्या पोटी घोटभर चहाबरोबर ती गिळत. भाकरी खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायला लावल्यावर तीन दिवसांत मळमळ सहन होण्याइतकी उतरली. दुसरी तक्रार विचित्र, ठळक स्वप्नांची; त्यासाठी रात्री झोपतानाची गोळी संध्याकाळच्या जेवणाबरोबर आणली. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून ही गोळी दुकानातून परस्पर आणू नये. नैराश्याचा किंवा अन्य मानसिक आजाराचा इतिहास असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पॅच किंवा औषधविरहित गोळीच्या तुलनेत हिच्यामुळे गंभीर मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचे दिसले नाही, तरी मनःस्थितीवर घरच्यांनी लक्ष ठेवलेले बरे. बुप्रोपियॉन ही दुसरी गोळी आहे, पण ज्यांना कधी फिट आली आहे त्यांना ती देत नाहीत, आणि जे भरपूर दारू पितात व मध्येच एकदम बंद करतात त्यांच्यासाठीही ती धोक्याची असते.

आता समुपदेशनाविषयी. याचा अर्थ उपदेश असा घेतला जातो आणि मग माणूस दुसऱ्या भेटीला येत नाही. प्रत्यक्षात पहिल्या बैठकीत आमच्या समुपदेशक ताईंनी तात्यांना फक्त एक काम दिले: सात दिवस, एकही सिगारेट कमी न करता, प्रत्येक सिगारेटीची वेळ आणि त्या क्षणी काय चालले होते ते पाकिटाच्या मागे लिहायचे. आठवड्याने हिशेब निघाला तो त्यांनाही नवा होता. अठरांपैकी पाच चहाबरोबर, चार पाळी सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर, दोन जेवणानंतर, तीन शौचाला जाण्याआधी किंवा नंतर, आणि उरलेल्या चार केवळ हात मोकळे होते म्हणून. मग प्रत्येक जागेसाठी वेगळी तजवीज केली. गेटबाहेरची टपरी टाळण्यासाठी त्यांनी एका न ओढणाऱ्या सहकाऱ्याच्या मोटारसायकलीवरून घरी यायला सुरुवात केली. जेवणानंतर लगेच उठून ताट स्वतः घासायला घेतले; याचे घरी फार कौतुक झाले, आणि कौतुकामुळे ते टिकले असे माझे मत आहे. सकाळच्या बद्धकोष्ठासाठी कोमट पाणी, पालेभाज्या आणि काही दिवस इसबगोल दिले, कारण सिगारेट सोडल्यावर पोट साफ न होणे हा खरा त्रास आहे आणि त्या एका कारणासाठी परतलेली माणसे मी पाहिली आहेत. तलफेची एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटे टिकते, हे त्यांनी स्वतः घड्याळ लावून तपासले. त्यानंतर तिची भीती कमी झाली.

सोडण्याच्या तारखेनंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, पंधरा दिवसांनी आणि महिन्याने असे संपर्क ठरवले होते, आणि यातला दुसऱ्या दिवसाचा फोन मी कधीच चुकू देत नाही. घरच्यांसाठी सूचना एकच होती: शर्टाचा वास घ्यायचा नाही आणि खिसे तपासायचे नाहीत. वहिनींना हे जड गेले. “अहो, खरं सांगा, ओढली का?” हा त्यांचा संध्याकाळचा प्रश्न बंद झाल्यावर तात्या आपण होऊन सांगू लागले. तुम्ही मुलगा किंवा मुलगी म्हणून विचारणार असाल तर “आज सगळ्यांत अवघड वेळ कोणती गेली?” असे विचारा.

सदतिसाव्या दिवशी पुतण्याच्या लग्नाच्या जेवणात, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानंतर, तात्यांनी एक सिगारेट ओढली. ‘सुटली ती सुटली’ असे मानून अशा वेळी बहुतेक जण गोळीही बंद करतात, आणि खरी घसरण तिथे होते. त्यांना आधीच सांगून ठेवले होते की एखादी ओढली गेली तरी गोळी चालू ठेवायची आणि त्याच दिवशी फोन करायचा. त्यांनी फोन केला. आम्ही फक्त जेवणानंतरच्या त्या पंगतीतून उठण्याची युक्ती नव्याने ठरवली. याच सुमारास एका मित्राने त्यांना ‘सिगारेटपेक्षा बरा’ म्हणून मावा देऊ केला होता. आपल्या भागात ही अदलाबदल इतकी होते की मी प्रत्येक भेटीत तोंड उघडून गालाची आतली बाजू पाहतो. सिगारेट सोडून बिडीवर येणे हाही तोटाच आहे, कारण बिडी विझू नये म्हणून वारंवार जोरात ओढावी लागते आणि तिच्यातून निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड काही कमी मिळत नाही.

एक गोष्ट मात्र पुष्कळ डॉक्टरांच्याही लक्षातून निसटते. तात्या धापेसाठी गावातल्या डॉक्टरांनी दिलेली थिओफिलिनची गोळी घेत होते. सोडल्यानंतर दहाव्या दिवशी त्यांच्या छातीत धडधड होऊ लागली, हात थरथरू लागले, झोप उडाली, आणि सर्वांनी ते सिगारेट सोडल्याचे लक्षण मानले. खरे कारण वेगळे होते. सिगारेटच्या धुरातील डांबरासारखे पदार्थ यकृतातील एका विकराला जोर देतात आणि ते विकर थिओफिलिन लवकर संपवते. धूर थांबला की आठवड्याभरात तो जोर ओसरतो, आणि पूर्वी बेताची असलेली तीच मात्रा आता जास्त होते. हे काम धुराचे आहे, निकोटीनचे नाही. म्हणून पॅच लावला तरी हा बदल होतोच. त्यांची मात्रा एक तृतीयांशाने कमी केली आणि चार दिवसांत धडधड थांबली. चहातील कॅफिनही याच विकराने संपते, त्यामुळे सिगारेट सोडल्यावर नेहमीचे सहा कप आठ-दहा कपांसारखे लागतात आणि चिडचिड व निद्रानाश वाढतो. चहा निम्मा करणे इथे खरोखर औषधी आहे. तुमच्या वडिलांच्या सर्व गोळ्यांची यादी पहिल्याच भेटीत दाखवा. मधुमेहाचे इन्सुलिन आणि काही मानसोपचाराच्या गोळ्या यांच्याही मात्रा पाहाव्या लागतात.

आता फुप्फुसे. सोडण्याआधी तात्यांच्या श्वासातील कार्बन मोनॉक्साइड २४ होते, तिसऱ्या दिवशी ३. हा आकडा मी मुद्दाम दाखवतो, कारण इतक्या लवकर डोळ्यांना दिसणारा बदल दुसरा नाही. त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत मात्र खोकला आणि कफ वाढला. श्वासनलिकांच्या आतील सूक्ष्म केस धुराने लुळे पडलेले असतात. ते पुन्हा हलू लागले की साचलेला कफ वर ढकलतात. बरेच जण इथे घाबरून म्हणतात की ओढत होतो तेव्हाच बरे होते. हा खोकला एक-दोन महिन्यांत उतरायला लागतो. कफात रक्त, दोन आठवड्यांहून अधिक ताप किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काही दिसले तर मात्र त्याला ‘फुप्फुसे साफ होत आहेत’ म्हणू नये. छातीचा एक्स-रे आणि क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी लगेच करावी.

फुंकण्याच्या तपासणीत तात्यांनी पहिल्या सेकंदात सोडलेली हवा सुरुवातीला १.८० लिटर होती, वय आणि उंचीनुसार अपेक्षेच्या ६२ टक्के. वर्षाने ती १.८६ लिटर झाली. तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर या दोन आकड्यांत आहे: वाढ थोडीच होते, आणि हवेच्या पिशव्यांच्या ज्या भिंती कायमच्या फाटल्या आहेत त्या पुन्हा बांधल्या जात नाहीत. फरक पडतो तो पुढच्या उताराला. पस्तिशीनंतर न ओढणाऱ्याची ही क्षमता वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने घटते. धुराने ज्यांची फुप्फुसे बिघडत चालली आहेत अशा ओढणाऱ्याची सुमारे दुपटीने. दहा वर्षांत हा फरक ३०० मिलिलिटरचा होतो, आणि १.८० लिटर उरलेल्या माणसासाठी ३०० मिलिलिटर म्हणजे घरातल्या घरात दम न लागता फिरता येणे किंवा न येणे. हृदयविकाराचा सिगारेटमुळे वाढलेला धोका वर्षभरात जवळपास निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर यायला सुमारे दहा वर्षे लागतात. तात्यांचा श्वासातून ओढायच्या औषधाचा फवारा अजून चालू आहे आणि राहील. जोतिबाच्या पायऱ्या चढताना पूर्वी ते सहा ठिकाणी बसत, आता दोन ठिकाणी बसतात. वजन चार किलोने वाढले, तेही सांगितले पाहिजे.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत फाउंड्रीतील वाळूची धूळ हा स्वतंत्र प्रश्न आहे. सिगारेट सुटली तरी ती धूळ फुप्फुसांना इजा करतच राहते, म्हणून सोडल्यानंतरही क्षमता अपेक्षेपेक्षा वेगाने घटत असेल तर सिलिकोसिसच्या दृष्टीने एक्स-रे पाहून घ्यावा, आणि मास्क साधा कापडी न वापरता धुळीसाठी योग्य असलेला, तोंडाला घट्ट बसणारा वापरावा.

सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदत क्रमांक विनाशुल्क आहे. वडिलांनी स्वतः तिथे बोलावे. माझ्याकडे किंवा अन्य कोणाकडे नेताना फुंकण्याच्या तपासणीचा कागद, चालू गोळ्यांची यादी, आणि पाकिटाच्या मागे लिहिलेली सात दिवसांची नोंद एवढे बरोबर घ्या.